ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

कंपनी सोडून गेलेल्या माणसाच्या मोबाईलवर कंपनीच्या जीएसटीचा ओटीपी येतो आणि विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी त्याला फोन करून 'जरा ओटीपी सांगता का?' असं विचारावं लागतं. लहान-मध्यम उद्योगांत हा प्रसंग नवा नाही. माणूस भला असेल आणि फोन हाताशी असेल, तर काम भागतं. तो नव्या नोकरीत मीटिंगमध्ये बसला असेल, त्याने नंबर बदलला असेल किंवा तो मनात राग धरून गेला असेल, तर विवरणपत्र अडकतं आणि दुसऱ्या दिवसापासून विलंब शुल्क सुरू होतं.

या एका प्रसंगात दोन वेगळ्या चुका आहेत. गेलेल्या माणसाचा प्रवेश बंद झालेला नाही, ही पहिली. कंपनीचा स्वतःचा प्रवेश त्या माणसावाचून होत नाही, ही दुसरी. मोठ्या कंपनीत आयटी विभाग एका जागेवरून कर्मचाऱ्याचं खातं बंद करतो आणि ईमेलपासून दरवाजाच्या कार्डापर्यंत बहुतेक गोष्टी त्याबरोबर बंद होतात. पस्तीस-चाळीस माणसांच्या कारखान्यात असं एकच खातं नसतं. तिथले अधिकार कुणाच्या तरी मोबाईल नंबरला, कुणाच्या सहीला, कुणाच्या आधारवर घेतलेल्या सिमला बांधलेले असतात. तिथे नुसतं 'बंद करा' म्हटलं, तर गेलेल्या माणसाबरोबर कंपनीच बाहेर राहते.

म्हणून रिलीव्हिंगच्या यादीत काय काय लिहिलंय याच्याइतकंच ते कोणत्या क्रमाने करायचं हेही महत्त्वाचं असतं. आधी दुसऱ्या माणसाला अधिकार द्यायचा, तो चालतोय याची खात्री करायची आणि मगच पहिल्याचा काढायचा. वस्तू परत घेतानाही हाच क्रम लागतो आणि माहिती उतरवून घेतानाही.

एक उदाहरण घेऊ

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एक प्रायव्हेट लिमिटेड मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, इथे त्याचं मशीनिंग होतं, काही माल उष्णता प्रक्रियेसाठी बाहेर जॉबवर्कला जातो आणि तयार माल ग्राहकाकडे रवाना होतो. अकाउंट्स बघणाऱ्या ताई अकरा वर्षं इथे आहेत. त्या पुण्याला राहायला जाणार आहेत. एक तारखेला त्यांनी राजीनामा दिला. नोटीस तीस दिवसांची आहे. त्यांचं काम डिस्पॅच बघणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याने घ्यायचं ठरलं आहे. भांडण नाही, तक्रार नाही. सगळं सुरळीत असतानाही काय काय राहून जातं, हे अशाच उदाहरणातून नीट दिसतं.

मालकांनी पहिल्याच दिवशी करायचं काम म्हणजे ताईंसोबत तासभर बसून एक तक्ता काढणं. कपाटातल्या जुन्या 'नो ड्यूज' फॉर्मवर ओळखपत्र, लॅपटॉप, आगाऊ घेतलेली रक्कम अशा चार ओळी असतात. त्यावरून हा तक्ता होत नाही. त्यासाठी ताईंच्या महिन्याच्या कामावरून जावं लागतं. सात तारखेपर्यंत टीडीएस भरतात, तेव्हा कोणत्या पोर्टलवर जातात? अकराला जीएसटीआर-१ जातो, पंधराला पीएफ आणि ईएसआय, वीसला जीएसटीआर-३बी, महिनाअखेरीला व्यवसाय कर. रोज ई-वे बिल निघतं, बँकेतून पैसे जातात, टॅलीत नोंदी होतात. प्रत्येक कामापुढे तीन रकाने ठेवायचे. लॉगिन कुणाच्या नावाचं आहे, ओटीपी कोणत्या मोबाईलवर आणि ईमेलवर येतो आणि पासवर्ड विसरला तर तो परत मिळवायची वाट कुणाकडून जाते.

तिसरा रकाना सहसा कुणी भरत नाही आणि अडचण नेमकी तिथेच असते. लॉगिन कंपनीच्या नावाचं असतं, पण ते अकरा वर्षांपूर्वी काढताना ताईंनी स्वतःचा जीमेल पत्ता दिलेला असतो. त्या वेळी कंपनीचं ईमेल नव्हतं, त्यामुळे त्यात त्यांची काही चूकही नाही. तक्ता पूर्ण झाला की असे पाच-सहा धागे दिसू लागतात. पुढच्या तीस दिवसांचं काम त्यातूनच ठरतं.

आधी जोडा, मग सोडवा

जीएसटीपासून सुरुवात करू. पोर्टलवर नोंदणी करताना 'अधिकृत सही करणारा' नेमलेला असतो आणि त्यांपैकी एक 'प्राथमिक' असतो. ओटीपी याच प्राथमिक माणसाच्या मोबाईलवर आणि ईमेलवर जातात. हे बदलायची सोय पोर्टलवर `Amendment of Registration Non-Core Fields` या भागात आहे आणि त्यासाठी अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. आधी नव्या माणसाला सही करणारा म्हणून जोडायचं, मग त्याच्या नंबरची आणि ईमेलची ओटीपीने पडताळणी करून त्याला प्राथमिक करायचं आणि शेवटी जुनं नाव काढायचं. जुना माणूस उपलब्ध असेल, तर हे काम टेबलावर बसल्या बसल्या होतं. तो निघून गेला आणि पासवर्डही कुणाला ठाऊक नसेल, तर संबंधित कर अधिकाऱ्याकडे कागदपत्रं घेऊन जावं लागतं. तोवर तारीख उलटून जाते.

इथे मालकांनी आणखी एक निर्णय घ्यायचा आहे. प्राथमिक नंबर म्हणून पुन्हा एका कर्मचाऱ्याचा खाजगी मोबाईल दिला, तर चार वर्षांनी हीच वेळ येईल. म्हणून कंपनीच्या नावावर सिम घ्यायचं, ते संचालकाच्या ताब्यातल्या फोनमध्ये ठेवायचं आणि सगळ्या पोर्टलवर तोच नंबर द्यायचा. ईमेलही `accounts@` अशा कामाच्या नावाने असलेलं बरं, म्हणजे माणूस बदलला तरी पत्ता तोच राहतो. ई-वे बिलाच्या पोर्टलवर मुख्य लॉगिनखाली उपवापरकर्ते तयार करता येतात. नव्या माणसाला वेगळं उपखातं द्यायचं आणि ताईंचं शेवटच्या दिवशी गोठवायचं.

बँकेचं काम पहिल्या आठवड्यातच सुरू करावं लागतं, कारण ते एका दिवसात होत नाही. कंपनीच्या नेट बँकिंगमध्ये व्यवहार टाकणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, अशी विभागणी असते. टाकणारा बदलायचा असेल, तरी बँक बहुधा संचालक मंडळाचा ठराव किंवा अधिकृत पत्र मागते. नव्या माणसाचा पहिला लहानसा व्यवहार ताई असतानाच करून बघायचा. तो यशस्वी झाला की ताईंचं नाव काढायचं पत्र द्यायचं आणि नाव खरंच निघाल्याचं बँकेकडून लेखी घ्यायचं. पत्र दिलं म्हणजे नाव निघालं, असं धरून चालायचं नाही.

डिजिटल सहीचा यूएसबी टोकन हा सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत जोखमीचा भाग. पुष्कळ ठिकाणी संचालकाच्या सहीचा टोकन अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये असतो आणि त्याचा पिन कागदावर लिहून त्यालाच चिकटवलेला असतो. तो परत घ्यायचा आणि पिन बदलायचा. पण टोकन ताईंच्याच नावाचा असेल, तर मामला वेगळा. कायद्याने डिजिटल सही व्यक्तीची असते. कंपनीने पैसे भरले म्हणून ती कंपनीची होत नाही. ताई गेल्यावर दुसऱ्या कुणी तो टोकन लावून विवरणपत्र भरलं, तर कागदावर सही ताईंची उमटते. म्हणून आधी नव्या माणसाची किंवा संचालकाची सही पोर्टलवर नोंदवायची, मग ताईंची नोंद काढायची आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून त्यांचं प्रमाणपत्र रद्द करून घ्यायचं. हे ताईंनी स्वतः आग्रहाने करून घ्यावं. त्यात कंपनीपेक्षा त्यांचं संरक्षण अधिक आहे.

टॅलीत दोन सापळे आहेत. पहिला टॅली व्हॉल्टचा. हा पासवर्ड लावला की कंपनीचा सगळा डेटा कुलूपबंद होतो आणि पासवर्ड हरवला तर तो परत मिळवायचा मार्ग नाही. तो एकट्या ताईंना माहीत असेल, तर राजीनामा आला त्याच दिवशी संचालकाने स्वतः तो टाकून डेटा उघडून बघायचा. दुसरा सापळा सगळ्यांनी मिळून वापरायच्या एकाच लॉगिनचा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. नवा माणूस ताईंच्याच लॉगिनवर काम करत राहिला, तर त्या गेल्यानंतरच्या नोंदी त्यांच्या नावावर पडत राहतील आणि लेखापरीक्षणात त्याचं उत्तर कुणालाच देता येणार नाही.

ईमेलच्या बाबतीत घाईने खातं पुसणं ही नेहमीची चूक. गूगल वर्कस्पेसवर पुसलेलं खातं २० दिवसांपर्यंतच परत आणता येतं, त्यानंतर ते गेलं. नुसतं स्थगित केलं तर डेटा राहतो, पण त्या पत्त्यावर नवी पत्रं पोचत नाहीत. ग्राहकाने जुन्या पत्त्यावर पाठवलेली पर्चेस ऑर्डर परत जाते. म्हणून शेवटच्या दिवशी पासवर्ड बदलायचा, सगळ्या उपकरणांवरून खातं बाहेर काढायचं, ड्राइव्हमधल्या फाइलींची मालकी दुसऱ्याकडे द्यायची आणि काही महिने येणारी पत्रं नव्या माणसाकडे वळती ठेवायची. पुसायचं ते त्यानंतर.

व्हॉट्सॲपचं स्वतंत्र बघावं लागतं, कारण आपल्याकडे निम्मा धंदा त्यावरच चालतो. ग्राहकांशी बोलायचा नंबर ताईंच्या खाजगी सिमचा असेल, तर तो त्यांचाच आहे आणि मागण्याचा कंपनीला हक्क नाही. तीस दिवसांत प्रत्येक ग्राहकाला कंपनीच्या नव्या नंबरवरून संदेश गेला पाहिजे आणि ताईंनी स्वतः 'यापुढे या नंबरवर बोला' असं कळवलं पाहिजे. नंबर कंपनीचा असेल, तर फोन परत घेताना दुहेरी पडताळणीचा पिन विचारून लगेच बदलायचा. तो कुणालाच आठवत नसेल आणि जोडलेलं ईमेलही हाताशी नसेल, तर नव्या फोनवर नंबर चालू करायला सात दिवस थांबावं लागतं. `Linked devices` मध्ये जाऊन कुठल्या संगणकावर तो नंबर अजून उघडा आहे, तेही बघायचं.

हे सगळं फारच काटेकोर वाटलं, तर सिस्को या मोठ्या अमेरिकी कंपनीत घडलेली गोष्ट लक्षात घ्या. एका अभियंत्याने एप्रिल २०१८ मध्ये तिथली नोकरी सोडली. पाच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, तो कंपनीच्या क्लाउडमध्ये परवानगीशिवाय शिरला आणि त्याने ४५६ आभासी यंत्रं पुसली. वेबेक्स टीम्सची सोळा हजारांहून जास्त खाती दोन आठवड्यांपर्यंत बंद पडली. दुरुस्तीत कंपनीच्या माणसांचा सुमारे १४ लाख डॉलर किमतीचा वेळ गेला आणि ग्राहकांना दहा लाखांहून अधिक डॉलर परत द्यावे लागले. त्या माणसाला दोन वर्षांचा तुरुंगवास झाला. एवढा मोठा आयटी विभाग असलेल्या कंपनीतही सोडून गेलेला माणूस पाच महिन्यांनी आत शिरू शकला.

वस्तू परत घेताना

वस्तूंची यादी करणं सोपं आहे. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर, फोन, सिम, चेकबुक, रबरी शिक्के, पेटी कॅश, कपाटाच्या आणि गोदामाच्या किल्ल्या, ओळखपत्र. प्रत्येक वस्तूपुढे सिरीयल नंबर आणि स्थिती लिहायची, दोघांनी सही करायची आणि एक प्रत जाणाऱ्याला द्यायची. चेकबुकात कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत कोरे चेक आहेत ते लिहायचं. आधीच सही करून ठेवलेले चेक असतील, तर ते तिथेच रद्द करायचे. किल्ल्यांची संख्या मोजून भागत नाही. नक्कल कधी, कुणासाठी केली होती ते विचारायचं आणि शंका राहिली तर कुलूपच बदलायचं.

वस्तू हातात आली, पण उघडत नाही, हा खरा त्रास असतो. विंडोज लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना ताईंनी स्वतःचं मायक्रोसॉफ्ट खातं दिलं असेल, तर डिस्कच्या कुलपाची पुनर्प्राप्तीची चावी त्यांच्याच खात्यात साठलेली असण्याची शक्यता असते. पुढे एखाद्या दुरुस्तीनंतर लॅपटॉप ती चावी मागतो आणि ती कंपनीकडे नसते. अँड्रॉइड फोन खातं न काढता रीसेट केला, तर तो पुन्हा चालू होताना जुनंच गूगल खातं मागतो. आयफोनही तसाच अडतो. म्हणून वस्तू घ्यायच्या आधी ताईंनी स्वतःच्या हाताने त्यावरची आपली खाजगी खाती काढायची, आपले फोटो आणि कागद घेऊन जायचे. लॅपटॉपवर कंपनीचं व्यवस्थापक खातं तयार करून ते चालतंय ना, हे त्यांच्यासमोर बघायचं. त्यांचे खाजगी पासवर्ड मात्र मागायचे नाहीत.

परत आलेला लॅपटॉप लगेच फॉरमॅट करून नव्या माणसाला देण्याचा मोह टाळावा. तिमाही विवरणपत्राची कच्ची एक्सेल शीट, जुन्या ग्राहकाशी ठरलेले दर असं बरंच काही त्या डेस्कटॉपवरच असतं आणि ते लागतं तेव्हाच आठवतं. निदान एक तिमाही उलटेपर्यंत डिस्क तशीच ठेवावी.

डोक्यातलं काम कागदावर

'तुम्हाला जे माहीत आहे ते सगळं लिहून द्या' असं सांगितलं की दोन पानांची टिपणी मिळते आणि त्यात तारखा, पोर्टलची नावं, फोन नंबर असतात. ती माहिती कंपनीच्या सीएंकडेही असते. अकरा वर्षांत ताईंच्या हाताला लागलेल्या सवयी त्यात येत नाहीत, कारण त्यांना स्वतःलाच त्या 'माहिती' वाटत नाहीत.

अमेरिकेच्या अण्वस्त्र विभागाला हे फार महागात पडलं. टेनेसीतल्या ओक रिजला बनणारा एक पदार्थ, सांकेतिक नाव 'फॉगबँक', काही वर्षं बनला आणि मग कारखाना बंद झाला. २००० नंतर तो पुन्हा हवा झाला, तेव्हा जुनी माणसं पांगली होती आणि नोंदी तुटपुंज्या होत्या. नवी प्रक्रिया उभारली तरी पदार्थ जमेना. शेवटी लक्षात आलं की जुन्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची आणि ती आवश्यक होती. नव्या प्रक्रियेत ती साफ होऊन जात होती. जुन्या कामगारांनाही ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांनी कितीही प्रामाणिकपणे लिहून दिलं असतं तरी हे त्यात आलं नसतं. काम करताना बघितल्याशिवाय काही गोष्टी सापडत नाहीत.

म्हणून ताईंच्या बाबतीत प्रश्न डोक्याला विचारायचे नाहीत, कागदांना विचारायचे. टॅलीतलं सस्पेन्स खातं उघडायचं आणि प्रत्येक रकमेपुढे 'हे काय आहे?' विचारायचं. गेल्या बारा महिन्यांतल्या डेबिट नोटा काढायच्या. एक ग्राहक दर महिन्याला रिजेक्शनच्या नावाखाली रक्कम कापतो आणि ताई डिस्पॅचच्या चलनाशी ताडून त्यातली काही परत मिळवतात, हे अशा वेळी कळतं. एक पुरवठादार बिल क्रमांक पोर्टलवर वेगळ्या पद्धतीने टाकतो, त्यामुळे त्याचं बिल दरवेळी जुळत नाही आणि ताई वीस तारखेच्या आधी त्याला फोन करतात, हेही तेव्हाच बाहेर येतं.

या कारखान्यात सर्वांत महाग माहिती जॉबवर्कच्या चलनांत आहे. बाहेर पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर जीएसटी कायद्यानुसार तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं आणि त्यावर व्याजासह कर लागतो. कोणत्या उष्णता प्रक्रियावाल्याकडे कोणत्या चलनाचे किती नग अडकलेत, त्यांतले कुठले खराब होऊन तिथेच पडलेत आणि कुणाशी तोंडी काय ठरलंय, हे वहीत अर्धंच असतं. एक पूर्ण दिवस राखून, ताई आणि नवा माणूस दोघांनी प्रत्येक जॉबवर्करकडे प्रत्यक्ष जायचं आणि मालाची मोजणी करून त्याच्या सहीने यादी आणायची. त्यातून नव्या माणसाची ओळखही होते.

आता तीस दिवसांचं नियोजन. महिन्याचं चक्र एकदाच येणार आहे, त्यामुळे 'आधी बघ, मग कर' याला वेळ नाही. सात, अकरा, पंधरा, वीस या चारही तारखांना माऊस नव्या माणसाच्या हातात असला पाहिजे आणि ताईंनी बाजूला बसून बोलायचं. त्या बोलताना नव्या माणसाने टिपणं काढायची. शिकणाऱ्याने लिहिलेल्या टिपणांत त्याला न समजलेल्या जागा आपोआप येतात, जाणकाराने लिहिलेल्यांत त्या सुटतात. कामाच्या पडद्याचं रेकॉर्डिंग केलं तर उत्तम, पण पासवर्ड टाकताना ते थांबवायचं.

शेवटच्या आठवड्यात तीन दिवस ताईंनी दुसऱ्या खोलीत बसायचं. नव्या माणसाने एकट्याने काम करायचं आणि अडलं की लगेच न विचारता प्रश्न वहीत लिहायचा. संध्याकाळी दोघांनी वही उघडायची. त्या तीन दिवसांच्या प्रश्नांची यादी हाच हँडओव्हरचा खरा कागद. काही प्रश्नांना ताईंचं उत्तर 'ते अंदाजाने कळतं' असं येईल. तेव्हा मागच्या दोन-तीन घटना विचारायच्या, म्हणजे अंदाज कशावरून बांधला ते सापडतं. तरीही काही उरेलच. ग्राहकाच्या आवाजावरून त्याचं पेमेंट कधी येईल हे ओळखणं तीस दिवसांत कुणालाही शिकवता येत नाही. पुढच्या महिन्यात अकरा आणि वीस तारखेला तासभर फोनवर उपलब्ध राहाल का, आणि त्याचा मोबदला काय, हे निघण्यापूर्वीच मोकळेपणाने ठरवून घ्यावं.

हिशेब आणि हक्क

'लॅपटॉप जमा करा, मग पगार देऊ' ही धमकी कायद्यात बसत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचंही वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचं असतं. सोपवलेली वस्तू कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे हरवली असेल, तर कपात करता येते, पण आधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. म्हणूनच वस्तूंची मोजदाद शेवटच्या दिवसावर ढकलता येत नाही. ती आठवडाभर आधी झाली, तर हरवलेल्या चार्जरवरून वाद घालायलाही वेळ उरतो आणि पगारही वेळेवर जातो.

पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकणं हे मालकाचं काम आहे. ती टाकली नाही, तर ताईंच्या पुढच्या खात्याचं हस्तांतर अडतं. कर्मचाऱ्याला ती स्वतः टाकता येते, पण शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने थांबावं लागतं. फॉर्म १६ पुढच्या जूनमध्ये निघतो, त्यामुळे ताईंचं खाजगी ईमेल आणि पत्ता नोंदवून ठेवायचा.

माणूस अचानक गेला तर

फसवणूक सापडली, भांडण झालं किंवा माणूस दुसऱ्या दिवसापासून यायचाच थांबला, तर हा क्रम उलटतो. तेव्हा प्रवेश आधी बंद करावा लागतो, त्याच तासात, आणि बँक सर्वांत पहिली. त्यानंतर ईमेल, टॅली, व्हॉट्सॲपचे ग्रुप आणि मग सरकारी पोर्टल. अशा वेळी ज्याच्याकडे तक्ता तयार नसतो, तो स्वतःच अडकतो. ओटीपी कुठे जातो हे शोधायलाच दोन दिवस जातात आणि ते सांगणारा माणूस फोन उचलत नाही.

हे टाळायचं तर ताईंसाठी केलेला तक्ता त्या गेल्यावर फाइलीत बंद करून ठेवायचा नाही. दर सहा महिन्यांनी, कुठलीही तारीख डोक्यावर नसलेल्या दिवशी, संचालकाने स्वतः प्रत्येक पोर्टलवर एकदा प्रवेश करून बघावा. ओटीपी कंपनीच्या फोनवर आला, तर त्या ओळीपुढे तारीख टाकावी. दुसऱ्या कुणाच्या फोनवर गेला, तर तो माणूस नोकरीत असतानाच नंबर बदलून घ्यावा.

चौकट : तीस दिवसांची यादी

पहिला ते तिसरा दिवस : महिन्याच्या कामांवरून प्रवेशाचा तक्ता. लॉगिन, ओटीपीचा मोबाईल आणि ईमेल, पासवर्ड परत मिळवायची वाट. टॅली व्हॉल्ट संचालकाने उघडून बघणे. बँकेला पहिलं पत्र.

पहिला आठवडा : कंपनीच्या नावाचं सिम आणि कामाच्या नावाचं ईमेल. नव्या माणसाची स्वतंत्र लॉगिन. जीएसटीवर नवा सही करणारा जोडणे.

दुसरा आणि तिसरा आठवडा : चारही तारखांची कामं नव्या माणसाच्या हातून. सस्पेन्स खातं, डेबिट नोटा आणि न जुळणारी बिलं यांवर बसून चर्चा. जॉबवर्करकडे प्रत्यक्ष मोजणी. ग्राहकांना नवा नंबर कळवणे.

चौथा आठवडा : वस्तूंची मोजदाद आणि दोघांच्या सह्या. तीन दिवस नवा माणूस एकटा. प्रश्नांच्या वहीतून हँडओव्हर पूर्ण.

शेवटचा दिवस : जुनी लॉगिन बंद. डिजिटल सहीची नोंद काढून प्रमाणपत्र रद्द करायचा अर्ज. खाजगी खाती काढलेली उपकरणं ताब्यात. ईमेल वळतं. वस्तू जमा केल्याची पावती आणि अनुभवपत्र हातात.

त्यानंतर : दोन कामकाजी दिवसांत वेतन. पीएफवर सोडल्याची तारीख. बँकेकडून नाव निघाल्याचं लेखी उत्तर. तीन महिन्यांनी जुनी डिस्क आणि जुनं ईमेल तपासून मगच पुसणे.